रुग्णसेवा ब्युरोचे गूगल प्रोफाइल आणि ‘खात्रीशीर’ उपायांचा संदेश

“गूगलवर तुमची एजन्सी पहिल्या नंबरला आणण्याचे खात्रीशीर उपाय! १) कॅटेगरीच्या दहाही जागा भरा, जितक्या जास्त कॅटेगरी तितके जास्त फोन. २) नावात ‘बेस्ट’, ‘नंबर वन’ आणि शहराचे नाव घाला. ३) सर्व्हिस एरियात पूर्ण महाराष्ट्र टाका. ४) रोज पेशंटसोबतचे फोटो टाका, तेही लोकेशन टॅग करून. ५) पाच स्टार देणाऱ्याला सूट द्या, आणि वाईट रिव्ह्यू देणाऱ्याची सगळी हकिगत उत्तरात लिहून त्याला उघडे पाडा. सर्व ब्युरो आणि एजन्सीवाल्यांना पाठवा.”

हा संदेश माझ्या मामेबहिणीपर्यंत पोहोचला. ती कोथरूडला रुग्णसेवा ब्युरो चालवते. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, किंवा शस्त्रक्रियेनंतर रुग्ण नुकताच घरी आला आहे, तिथे ती बारा किंवा चोवीस तासांच्या ड्यूटीवर मावशी, मामा किंवा नर्स पाठवते. संदेशातला पहिला उपाय तिने त्याच रात्री करूनही टाकला, आणि त्याचे जे झाले ते पाहिल्यावर गप्प बसणे मला शक्य नाही. असले संदेश तयार करणाऱ्यांनी गूगलचे स्वतःचे नियम एकदाही वाचलेले नसतात, हे उघड आहे. ते नियम मदतपानांवर कोणालाही विनाशुल्क वाचता येतात. स्थानिक शोधात कोण वर दिसणार हे प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरते, असे त्यात म्हटले आहे: शोधणाऱ्याला जे हवे आहे त्याच्याशी व्यवसाय किती जुळतो, तो किती अंतरावर आहे आणि तो लोकांना किती परिचित आहे. विनंती करून किंवा पैसे देऊन हा क्रम बदलून घेता येत नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. पहिल्या नंबरची खात्री देणारा माणूस त्याच्या हातात नसलेली गोष्ट विकतो आहे.

कॅटेगरीबद्दल संदेशात एवढेच खरे आहे की एक मुख्य आणि नऊ अतिरिक्त अशा दहा कॅटेगरी देता येतात. त्या सगळ्या भरा असे मात्र गूगल कुठेही सांगत नाही. उलट, मुख्य काम सांगायला कमीत कमी जितक्या लागतील तितक्याच द्या, आणि कॅटेगरी शोधशब्दांसारख्या वापरू नका, असे नियमात आहे. ‘हा व्यवसाय अमुक आहे’ हे वाक्य खरे ठरत असेल तरच ती कॅटेगरी घ्यायची; ‘या व्यवसायात अमुकही मिळते’ एवढ्यावर घ्यायची नाही. बहिणीच्या यादीत Nursing agency आधीपासून होती. त्या रात्री तिने त्यात Hospital, Nursing home, Ambulance service अशा आणखी कॅटेगरी घातल्या. तिच्याकडे एकही खाट नाही आणि एकही गाडी नाही. थोड्याच दिवसांत रात्री उशिरा एका गृहस्थांचा फोन आला. वडिलांच्या छातीत दुखत होते आणि त्यांना तातडीने अॅम्ब्युलन्स हवी होती. तिने त्यांना १०८ क्रमांकावर फोन करायला सांगितले, पण अशा वेळी चुकीच्या ठिकाणी फोन करण्यात गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. जास्त कॅटेगरी म्हणजे जास्त फोन हे असे खरे ठरते. ते फोन आपल्यासाठी नसतात आणि करणाऱ्याचे त्यात नुकसान होते. नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडे छोटे रुग्णालय, त्यामुळे खाट शिल्लक आहे का, प्रसूतीचा खर्च किती, अशी विचारणाही सुरू झाली.

अशा ब्युरोला दोन किंवा तीन कॅटेगरी पुरतात. प्रशिक्षित नर्स पाठवणे हे मुख्य काम असेल तर Nursing agency मुख्य ठेवावी. नर्सबरोबर घरी ड्रेसिंग, इंजेक्शन, कॅथेटरची काळजी अशा सेवा नियमित दिल्या जात असतील तर Home health care service जोडावी. मुख्य कॅटेगरी बहुधा प्रोफाइलवर नावाखालीच दिसते, म्हणून ती निवडताना सर्वाधिक विचार करावा. कॅटेगरी सारख्या बदलत राहणेही बरे नाही, कारण बदल केल्यावर गूगल पुन्हा पडताळणी मागू शकते आणि त्यासाठी अनेकदा पाटी, जागा आणि कागदपत्रे दाखवणारा व्हिडिओ करावा लागतो. निवड चुकली आहे का हे कळण्याची सोयही प्रोफाइलमध्येच आहे. Performance या भागात लोकांनी कोणते शब्द शोधल्यावर प्रोफाइल दिसले त्याची यादी मिळते. त्यात ‘घरी नर्स’ किंवा ‘वृद्धांची देखभाल’ यांच्याऐवजी ‘जवळचे हॉस्पिटल’ वर दिसू लागले, तर कॅटेगरी तपासावी.

नावाच्या उपायात एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य करावे लागते. नावात शोधशब्द असलेली प्रोफाइले कधी कधी वर दिसतात, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही माहीत आहे. पण नाव पाटीवर आणि पावतीवर जसे आहे तसेच असावे, हा नियम आहे. कोणताही स्पर्धक बदल सुचवून ते नाव दुरुस्त करायला लावू शकतो आणि प्रोफाइल निलंबितही होऊ शकते. मग रिव्ह्यूंसह सगळे दिसेनासे होते आणि ते परत मिळवण्यासाठी अपील करावे लागते.

सर्व्हिस एरियात जास्तीत जास्त वीस ठिकाणे देता येतात. ती शहर, पिनकोड किंवा परिसराच्या नावाने द्यायची असतात, आणि सगळा विस्तार मिळून व्यवसायाच्या जागेपासून गाडीने साधारण दोन तासांच्या पलीकडे जाऊ नये, अशी गूगलची सूचना आहे. कोथरूडच्या ब्युरोने पूर्ण महाराष्ट्र टाकला म्हणून नागपूरच्या शोधात तो दिसू लागत नाही, कारण तिथे अंतर आडवे येते. रुग्णसेवेत तर दोन तासही फार झाले. रात्री आठ ते सकाळी आठच्या ड्यूटीवरची मावशी ऐनवेळी आली नाही, तर तासाभरात बदली मावशी कुठपर्यंत पोहोचू शकते, हा हिशेब इथे लावावा. बहिणीच्या बहुतेक मावशी वारजे आणि कर्वेनगर भागात राहतात. त्यामुळे कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर, वारजे, बावधन आणि सिंहगड रस्ता एवढाच तिचा खरा परिसर आहे, आणि आता प्रोफाइलवरही तेवढाच लिहिलेला आहे. ज्यांचा ब्युरो राहत्या घरातून चालतो आणि ग्राहक तिथे येत नाहीत, त्यांनी पत्ता लपवून फक्त सर्व्हिस एरिया दाखवावा. नियम तसाच आहे.

फोटोंचे महत्त्व मी नाकारत नाही. मात्र फोटोच्या फाइलमध्ये लोकेशन भरण्याचा क्रमावर काही परिणाम होतो असे गूगलने कुठेही म्हटलेले नाही, आणि रुग्णाचा फोटो टाकणे तर सर्वस्वी चूक आहे. नाकात नळी घातलेल्या आजोबांचा चेहरा त्यांच्या शेजाऱ्यांनी गूगलवर पाहावा, याला त्यांनी कधी संमती दिलेली असते? ओळखपत्र लावलेल्या मावशी आणि नर्स, त्याही त्यांना विचारून, कार्यालयाची पाटी, आणि रुग्णाला कुशीवर कसे वळवायचे हे पुतळ्यावर शिकवतानाचा वर्ग, असे थोडे पण खरे फोटो पुरेत. ते स्पष्ट उजेडातले असावेत, त्यांवर फिल्टर नसावा, आकार साधारण ७२० बाय ७२० पिक्सेल आणि फाइल पाच एमबीच्या आत असावी.

शेवटच्या उपायाबद्दल मला सर्वात जास्त राग आहे. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, पैसे किंवा मोफत सेवा देणे गूगलच्या धोरणात निषिद्ध आहे. वाईट रिव्ह्यू काढून घेण्यासाठी काही देऊ करणेही त्यातच येते, आणि फक्त खूश ग्राहकांकडे निवडून रिव्ह्यू मागणेही. हे आढळले तर रिव्ह्यू काढले जातात आणि काही काळ नवे रिव्ह्यू घेणे बंद केले जाऊ शकते. पण याहून घातक सल्ला आहे तो ‘उघडे पाडण्याचा’. एक उदाहरण घेऊ. कोणी एक स्टार देऊन लिहिले: “रात्रीची मावशी झोपून राहिली, आईला दोनदा हाक मारावी लागली. बदली मागितली तर दोन दिवस लागले.” संदेशाप्रमाणे वागायचे तर उत्तर असे होईल: “अमुक सोसायटीतल्या ताईंनी आधी सांगितलेच नाही की आईंना स्मृतिभ्रंश आहे आणि त्या रात्रभर उठतात. त्यांचे मागच्या महिन्याचे पैसेही बाकी आहेत.” या दोन वाक्यांत एका वृद्ध बाईचा आजार, तिचा पत्ता आणि तिच्या मुलीची देणी जगजाहीर झाली. ब्युरोच्या माणसांना लोक शयनगृहापर्यंत येऊ देतात. ते उत्तर वाचणारे पुढचे कुटुंब रिव्ह्यू खरा की खोटा हे बघत बसणार नाही. आपल्या घरातली गोष्टही हे लोक अशीच बाहेर सांगतील, एवढेच त्यांना दिसेल.

त्याच तक्रारीला बहिणीने असे उत्तर लिहावे, असे मी सुचवले:

“नमस्कार. रात्रीच्या ड्यूटीवर असे घडले असेल तर ते चूकच आहे, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. बदलीसाठी दोन दिवस लागायला नको होते. रात्रीच्या ड्यूटीसाठी एक राखीव मावशी ठेवण्याची व्यवस्था आम्ही आता केली आहे. तुमच्या बाबतीत नेमके काय झाले ते समजून घ्यायचे आहे. कृपया कार्यालयाच्या क्रमांकावर सकाळी दहा ते सहा या वेळेत फोन करावा.”

यात रुग्णाचे नाव, आजार, सोसायटी आणि पैसे यांपैकी काहीही नाही. मावशीचेही नाव नाही, कारण तिची बाजू अजून ऐकायची आहे. राखीव मावशीचे वाक्य मात्र खरोखर व्यवस्था केली असेल तरच लिहावे. चांगल्या रिव्ह्यूला उत्तर देतानाही तीच मर्यादा पाळावी. “आजोबांना आता अर्धांगवायूतून बरे वाटते आहे हे वाचून आनंद झाला” असे लिहिण्यामागे प्रेम असते, पण त्यात आजार उघड होतो. घरच्यांनी स्वतः तो लिहिला असला तरी आपण त्याची पुनरुक्ती करू नये. “तुमचे शब्द मावशींना वाचून दाखवले” एवढे पुरते.

रिव्ह्यू लिहिणारा कधी ग्राहकच नसतो, किंवा मजकुरात शिवीगाळ असते. तेव्हा तिथे वाद न घालता त्या रिव्ह्यूची तक्रार गूगलकडे करावी. केवळ आपल्याला पटला नाही म्हणून रिव्ह्यू निघत नाही. धोरणाचा भंग दिसला तरच निघतो. निर्णय यायला वेळ लागतो. तोवर “या तपशिलाशी जुळणारी नोंद आमच्याकडे आढळली नाही, कृपया कार्यालयाशी संपर्क साधावा” एवढे उत्तर ठेवावे. आपले उत्तर नंतर बदलता येते, म्हणून तक्रार मिटल्यावर ग्राहकाने रिव्ह्यू सुधारला तर जुने उत्तरही त्याला जुळेल असे दुरुस्त करावे.