चाकूला ‘कॉन’ का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

प्रतिक्रिया: “दादा, तुम्ही लिहिलंय की व्हिएतनामीत मोजताना प्राण्यांना ‘कॉन’ आणि वस्तूंना ‘काय’ हा शब्द लावतात. मग चाकू, नदी, रस्ता यांनाही कॉन कसं चालतं? आणि ‘च्येक’ हा तिसरा शब्द मध्येच कुठून आला? आपल्या लिंगासारखंच आहे हे, लॉजिक नसतं, पाठ करायचं, विषय संपला.”

पाठ करायचं हे मान्य, पण लिंगासारखं अजिबात नाही हो. मराठीत टेबल नपुंसक ठरलं की ठरलं, तुमचा मूड बदलला म्हणून ‘तो टेबल’ होत नाही. व्हिएतनामीत होडीला थुयेन म्हणतात, आणि तिला काय थुयेन, च्येक थुयेन, कॉन थुयेन असं तिन्ही प्रकारे म्हणता येतं. काय लावलं की रोजच्या बोलण्यातली एक वस्तू, च्येक लावलं की एक सुटी होडी (जरा लिखाणातला सूर), आणि कॉन लावलं की पाण्यावर चाललेली, जिवंत वाटणारी होडी, म्हणून कवितेत हे जास्त. गाडीचंही तसंच, से म्हणजे गाडी, साधारण काय से किंवा च्येक से, पण बाइकवर जीव असलेली पोरं कौतुकाने सरळ कॉन से म्हणतात. शब्द तोच, बघणं बदललं. (देवनागरीत सुरांचा चढउतार लिहिता येत नाही, त्यामुळे इथला ‘काय’ आपल्या काय सारखा सपाट वाचू नका, तो चढत्या सुरात म्हणतात.)

आता चाकू. चाकू म्हणजे झाओ, आणि नेहमीचं कॉन झाओ, नदी कॉन सोंग, रस्ता कॉन दुओंग, डोळा कॉन मात. यावर नेहमी दिलं जाणारं उत्तर म्हणजे ‘हलणाऱ्या गोष्टींना कॉन’. नदी वाहते, डोळा फिरतो, चाकू चालतो, रस्ता पुढे जातो, ऐकायला छान. पण मग विमान हलत नाही का? त्याला च्येक. कात्री चालत नाही का? तिला काय. म्हणजे ही कल्पना लक्षात ठेवायला बरी आहे, नियम म्हणून टिकत नाही. मला विचाराल तर कॉनचा गाभा प्राणी, आणि त्याच्याभोवती सवयीने जमलेली काही नावं, ती कमी आहेत म्हणून पाठ होतात.

पण तुमच्या प्रश्नात जे आलंच नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, की हे शब्द लागतातच कशाला. व्हिएतनामीत नुसतं मेओ म्हणजे ‘मांजर’ ही जात, एक की दहा ते त्यात नाही. तोय थीक मेओ, मला मांजरं आवडतात, इथे काही लावायचं नाही. पण दोन म्हणायचं तर हाय मेओ चालत नाही, हाय कॉन मेओ म्हणावं लागतं, आकडा आधी, मग कॉन, मग नाव. संत्र्यात हे अजून स्पष्ट दिसतं. काम हा शब्द फळालाही आणि झाडालाही, त्यामुळे बा क्वा काम म्हणजे तीन संत्री आणि बा केय काम म्हणजे संत्र्याची तीन झाडं (क्वा हे उत्तरेकडचं, दक्षिणेत त्या जागी चाय). नुसतं किती एवढं पुरत नाही, कशाचे नग मोजतोय तेही सांगावं लागतं. आणि बोलणं चालू असेल तर नाव गाळून नुसतं हाय कॉन म्हटलं तरी पुरतं, मासेवालीसमोर उभे असाल तर दोन मासे हे तिला कळतं. आपल्याकडे ‘दोघं जण आले’ मधला जण थोडासा असाच आहे, फक्त आपण तो माणसांपुरता ठेवला. बरं, दिवस आणि वर्षं यांना काहीच लागत नाही, बा ङाय म्हणजे तीन दिवस, आणि दुकानात ऑर्डर देताना लोक हाय का-फे असं सरळ म्हणतातच.

च्येकचं खास काम जोडीतल्या एकाचं. चॉपस्टिकची जोडी मोत दोय दुआ, त्यातली एकच असेल तर मोत च्येक दुआ. बुटांचंही तसंच, एक बूट हरवला तर च्येक झाय हरवला. त्याशिवाय वाहनं. पण बोलताना च्येकच्या जागी काय टाकलंत तरी बहुतेक वेळा चालून जातं, म्हणून निर्जीव वस्तूचा शब्द आठवला नाही की शिकणारे काय वर भागवतात.

तसं भागवणं प्राण्यांत मात्र नको, काय मेओ कानाला खटकतं. जुन्या लोकगीतांत बगळ्याला काय कॉ म्हटलेलं सापडेल, ते पद्यापुरतं. उलट काय हे कॉनच्याही आधी येऊ शकतं, काय कॉन मेओ नाय, म्हणजे ‘हीच, ही मांजर’ असा जोर, तिथे ते मोजायचं काम करतच नाही. आणि माणसांना ङुओय, कॉन नाही. एखाद्या बाईच्या नावाआधी कॉन लावलंत तर घरातल्या धाकटीशी सलगी होते, नाहीतर सरळ अपमान, त्यामुळे नवीन ओळखीत त्या वाटेला जाऊ नका.