आधी तेल, मग पाणी

गुवाहाटीला नोकरीला असलेला भाचा मे महिन्यात सोलापूरला आला, तो वाळलेल्या भूत जोलोकियाची पुडी घेऊनच. "मामा, जपून हं. 2007 साली गिनीजमध्ये जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून हिची नोंद झाली होती." सोलापूरच्या माणसाला मिरचीची भीती! आम्ही भाकरीला शेंगाचटणी लावून खात नाही, शेंगाचटणीला भाकरी लावून खातो.

बायको माहेरी होती. (ती असती तर हा लेख झाला नसता.) चार मिरच्या घेतल्या आणि हातानेच मोडल्या. तिखटपणा बियांत असतो असं समजून बिया झटकल्या. खरा जाळ आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, बियांना तो नुसता चिकटतो. ती शीर मी चाखत नव्हतो, एवढंच. नखाने खरवडून काढत होतो. बोटांना काहीच झालं नाही. तळव्याची कातडी जाड, तिथे कळ उशिरा पोचते, कधी कधी तासाभरानेही. मला वाटलं, नावालाच भूत.

मग कढईत तेल धुरावेपर्यंत तापवलं आणि चारही मिरच्या सोडल्या. पहिला ठसका माझा, दुसरा वरच्या मजल्यावरचा, तिसरा जिन्यात कुणाचा तरी. इतक्या तापलेल्या तेलातून मिरचीतलं कॅप्सायसिन बारीक धुरासोबत उडतं आणि थेट घशात उतरतं. घाबरून मी पाण्याचा तांब्या उचलला, तोच शेजारच्या अक्का खिडकीतून ओरडल्या, "पाणी ओतू नको की! भडका होईल! गॅस बंद कर अन् बाहेर ये!"

अक्कांनी वीस वर्षं मिरची कांडप चालवलंय. त्यांचा शब्द मोडायची छाती नव्हती, शिवाय त्या घटकेला छातीत श्वासही नव्हता. गॅस बंद केला, खिडकी सताड उघडली आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. कपाळावरून घाम डोळ्यात आला. मी तो पुसला. बोटाने.

त्यानंतरचं वर्णन सभ्य मराठीत होत नाही.

धावत जाऊन नळ सोडला. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी म्हणजे चहाचं आधण. हातावर पडताच इतका वेळ गप्प असलेली बोटंही पेटली. याचं कारण मला नंतर कळलं. मज्जातंतूंवर उष्णतेची वर्दी देणारी एक कळ असते, ती एरवी साधारण 43 अंशांना दाबली जाते. कॅप्सायसिन ती थंड असतानाच दाबतं, आणि वर गरम पाणी म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. त्यातून 43 म्हणजे सोलापुरात मेमधल्या कडक उन्हाच्या दिवसाचा पारा.

"डोळा चोळू नको, हात खाली!" अक्का तोवर घरात आल्या होत्या. "लेन्स घातलीस काय?"

"नाही."

"मग आधी हात."

जळत होता डोळा आणि या बाई हाताच्या मागे. पण तेच बरोबर होतं. तिखट हाताने पापणी उघडली असती तर दुसरा हप्ता भरला असता. त्यांनी तळहातावर शेंगतेल ओतलं, नखांच्या कडांपर्यंत चोळायला लावलं, दोनेक मिनिटांनी जुन्या वर्तमानपत्राने पुसून काढलं, मग भांड्याचा साबण आणि माठातलं पाणी. हे सगळं दोनदा. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, नुसत्या पाण्याने ते हातभर पसरतं. तेलात मात्र ते सुटून येतं.

"मग डोळ्यातही थोडं तेल..." मी म्हणालो.

"डोळा काय कढई हाय? तेल नाही, तूप नाही, दूध नाही, गुलाबपाणीसुद्धा नाही. नुसतं पाणी." दूध तोंडाला चालतं, डोळ्यात घातलं तर वर जंतूंची भर.

त्यांनी माझी मान जळत्या डोळ्याच्या बाजूला कलती केली, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. धुतलेल्या हाताने पापणी उघडी धरली आणि नाकाच्या बाजूने माठातल्या पाण्याची बारीक धार धरली. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे एका डोळ्यावर आख्खा माठ रिकामा झाला. अर्ध्या तासाने आग उतरली. उतरली नसती, धूसर दिसलं असतं किंवा उजेड सोसवला नसता, तर अक्का मला रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार होत्या. छाती वाजत राहिली असती, तरी रिक्षा तीच, फक्त डॉक्टर वेगळा.

रात्री तोंड धुऊन टॉवेलने पुसलं. टॉवेल तोच होता, दुपारी पहिल्या धावपळीत ज्याला हात पुसले होते. पुन्हा माठ, पुन्हा पंधरा मिनिटं. मग साबणाने टॉवेल धुतला, नळाची चावी घासली, गॅसचं बटण पुसलं.

सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, कशी झाली चटणी?"

मी फोन कानाला लावला. दोन मिनिटांनी कान तापू लागला, आणि आठवलं की काल मिरच्या मोडता मोडता त्यांचा फोटो भाच्याला पाठवला होता.

"अक्का!"

"आधी तेल!" खिडकीतून आवाज आला.