‘फील्ड पूर्ण ताणून ठेवा’ हा सल्ला कुठे चुकतो

“सिंक्रोनस मोटरचा फील्ड करंट जितका वाढवाल तितका पॉवर फॅक्टर सुधारतो, म्हणून तो कायम कमाल मर्यादेवर ठेवावा. मोटरवर लोड कितीही असो, तिच्याकडून तेवढेच केव्हीएआर मिळतात, आणि कारखान्यातील सर्व मोटरांचा करंट उतरतो.”

पहिल्या वाक्यात दोन वेगवेगळे पॉवर फॅक्टर एकत्र झाले आहेत. लोड स्थिर ठेवून फील्ड करंट शून्याकडून वाढवत नेला, तर आर्मेचर करंट आधी उतरतो, एका तळाला पोहोचतो आणि मग पुन्हा चढू लागतो. व्ही वक्र म्हणतात तो हाच. तळाशी मोटरचा स्वतःचा पॉवर फॅक्टर एक असतो, डाव्या बाजूला तो लॅगिंग आणि उजव्या बाजूला लीडिंग असतो. तळ ओलांडल्यावर फील्ड वाढवत गेल्यास मोटरचा पॉवर फॅक्टर बिघडतच जातो. सुधारतो तो कारखान्याचा, आणि त्याची किंमत मोटरच्या वाइंडिंगला मोजावी लागते. आर्मेचरचा अँमीटर मात्र दोन्ही बाजूंना एकच आकडा दाखवू शकतो, त्यामुळे मोटर कोणत्या बाजूला आहे हे केवळ त्यावरून कळत नाही. फील्ड किंचित वाढवून पाहावे: करंट चढला तर मोटर ओव्हरएक्सायटेड आहे, उतरला तर अजून डावीकडेच आहे.

एक उदाहरण घेऊ. कारखान्याचा इतर लोड ८०० किलोवॅट, ०.८ लॅगिंग, म्हणजे ६०० केव्हीएआर. त्यात २०० किलोवॅट घेणारी, २५० केव्हीए व ०.८ लीडिंग अशा रेटिंगची सिंक्रोनस मोटर जोडली. तिचा पॉवर फॅक्टर एक ठेवून चालवले तर एकूण १००० किलोवॅट आणि ६०० केव्हीएआर होतात, म्हणजे सुमारे ११६६ केव्हीए व ०.८६ पॉवर फॅक्टर. तिला ०.८ लीडिंगवर नेले की ती १५० केव्हीएआर पुरवते, मीटरवर सुमारे १०९७ केव्हीए येतात आणि पॉवर फॅक्टर ०.९१ होतो. हा लाभ खरा आहे, पण त्यासाठी मोटरचा आर्मेचर करंट २५ टक्क्यांनी आणि आर्मेचरमधील तांब्याचा व्यय सुमारे ५६ टक्क्यांनी वाढला.

दुसरे विधान, लोड कितीही असो तेवढेच केव्हीएआर मिळतात हे, सर्वांत अधिक दिशाभूल करणारे आहे, कारण व्ही वक्र एक नसून प्रत्येक लोडसाठी वेगळा असतो आणि लोड वाढेल तसा त्याचा तळ उजवीकडे सरकतो. वरील मोटरची सिंक्रोनस रिअॅक्टन्स १ पर युनिट, म्हणजे मोटरच्या रेटिंगच्या प्रमाणात मोजलेली, धरली आणि सॅच्युरेशन व आर्मेचरचा रेझिस्टन्स सोडून दिला, तर पॉवर फॅक्टर एक येण्यासाठी रिकाम्या मोटरला १ पर युनिट, १०० किलोवॅटवर १.०८ आणि २०० किलोवॅटवर १.२८ इतकी अंतर्गत ईएमएफ, आणि त्याच प्रमाणात फील्ड करंट, लागते. अर्ध्या लोडवर फील्ड नेमके जुळवून कोणी निघून गेले आणि नंतर लोड पूर्ण झाला, तर तीच मोटर सुमारे ७० केव्हीएआर लाइनमधून ओढू लागते. ज्या मोटरकडून मदत हवी होती, तीच भार बनते.

फील्ड मर्यादेवर स्थिर ठेवले तरी आकडा एकच राहत नाही. पूर्ण लोडवर ०.८ लीडिंगसाठी १.७९ पर युनिट ईएमएफ लागते. त्याच फील्डवर अर्ध्या लोडला सुमारे १८६ आणि शाफ्ट रिकामा असताना, म्हणजे मोटर निव्वळ सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून फिरताना, सुमारे १९७ केव्हीएआर मिळतात. इथेच एक सापळा आहे. रिकाम्या स्थितीत आर्मेचर करंट रेटिंगच्या ७९ टक्केच असतो, म्हणून ऑपरेटरला आणखी वाव दिसतो आणि तो फील्ड वाढवतो. पण मर्यादा त्या वेळी रोटरची असते, आर्मेचरची नव्हे. आर्मेचरचा अँमीटर निर्धास्त दिसत असताना फील्ड वाइंडिंग तापत राहते, आणि सॅच्युरेशनमुळे प्रत्यक्षात लागणारा फील्ड करंट वरील हिशेबापेक्षा आणखी जास्त निघतो. म्हणून नजर फील्डच्या अँमीटरवर असली पाहिजे.

सल्ल्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी: जास्त फील्डमुळे पुल-आउट टॉर्क वाढतो, तर फील्ड फार उतरवल्यास मोटर सिंक्रोनिझममधून निसटते; व्ही वक्राची डावी बाजू म्हणूनच मध्येच तुटते.

सर्व मोटरांचा करंट उतरतो या तिसऱ्या विधानाला थोडक्यात उत्तर पुरेसे आहे. शेजारच्या इंडक्शन मोटरला तिचे चुंबकन केव्हीएआर पूर्वीइतकेच लागतात आणि तिच्या केबलमधून ते पूर्वीसारखेच वाहतात. फक्त ते आता ट्रान्सफॉर्मरऐवजी बसबारवरील सिंक्रोनस मोटरकडून येतात. करंट उतरतो तो त्या बसबारच्या पुरवठ्याकडील बाजूला, म्हणजे मुख्य फीडर, ट्रान्सफॉर्मर आणि मीटर यांच्यात. एखाद्या लांब केबलवरील व्होल्टेज ड्रॉप ही तक्रार असेल, तर बसबारवरील सिंक्रोनस मोटरचे फील्ड वाढवून त्या केबलचा करंट कमी होणार नाही. तिथे कपॅसिटर त्या केबलच्या टोकाला असलेल्या मोटरच्या टर्मिनलपाशीच बसवावा लागतो.