तक्रार क्रमांक बदलला, गळती तीच

आज पेपरात वाचलं की आमच्या शहराचा पाणीपुरवठा 'तक्रार निवारणात उत्तम'. चहाचा ठसकाच लागला. ऑडिटमध्ये माझी अठरा वर्षं गेलीत, त्यामुळे असला दावा दिसला की आधी विचारते, मोजलं कुणी?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत पाइपच्या जोडातून पाणी वाहत होतं. तक्रार केली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला: 'निराकरण झाले.' खड्डा नाही, फिटर नाही, धार तशीच! गटारात पडत होती तिथे वीस लिटरची बादली लावली, चाळीस सेकंदांत भरली. दोन तास पाणी सुटतं, म्हणजे रोज ३६०० लिटर. माणशी १३५ लिटर हा केंद्राचा निकष धरला तर सव्वीस माणसांचं पाणी गटारात.

२००८च्या त्या केंद्रीय मानकांत ८० टक्के तक्रारी चोवीस तासांत सोडवा असं आहे. पण 'सोडवली' हे लिहिणारा आणि काम करणारा एकच असेल, तर शंभर टक्केही होतील. तपासायचं असेल तर तक्रारवही एकटी बघून चालत नाही. तिच्या शेजारी भांडाराचं रजिस्टर ठेवायचं: त्या दिवशी तिथे जोड, क्लॅम्प काही गेलं का? रस्ता खोदायची परवानगी निघाली का? आणि आठवड्यात त्याच पत्त्यावरून परत तक्रार आली का? आमची 'सोडवलेली' तक्रार पहिल्या दोन प्रश्नांतच नापास झाली असती.

गळतीचा आकडा तर विचारूच नका. मानक आहे बिल न झालेल्या पाण्याचं, २० टक्क्यांचं. सूत्र सोपं: सोडलेलं पाणी वजा बिल झालेलं पाणी, भागिले सोडलेलं पाणी. पण जलशुद्धीकरण केंद्रावरचा मीटर बंद असला की सोडलेलं पाणी म्हणजे पंपाचे तास गुणिले पंपाची क्षमता, आणि पंप जुना झाला की तो तेवढं पाणी फेकतच नाही. घरोघरी मीटर नसले की बिल झालेलं पाणीही अंदाजानेच. एका अंदाजातून दुसरा अंदाज वजा करून दशांशापर्यंत टक्के काढायचे! मानकांतच माहिती किती भरवशाची यासाठी 'अ' ते 'ड' अशी श्रेणी आहे, पण ती पेपरात कोण छापतो?

बरं, माणसं कमी आहेत, मान्य.

आणि आमचे चावीवाले काका. त्यांच्यावर राग नाहीच माझा. तीन वॉर्डांचे व्हॉल्व्ह एकटे फिरवतात, पहाटे साडेचारला सायकलवर. अकराव्या दिवशी त्यांनीच फिटरला ओढून आणलं. मी चहा दिला तर म्हणाले, "ताई, तुमची तक्रार तर बंद झालीय, मग मला सामान कोण देणार? हा क्लॅम्प दुसऱ्या कामातला उरलेला लावतोय."

आज सकाळी तिथे परत ओल आलीय. फोन केला तर म्हणे, जुनी तक्रार उघडत नाही, नवीन नोंदवा. नोंदवली. म्हणजे एका गळतीच्या दोन तक्रारी, आणि उद्या संध्याकाळपर्यंत दोन्ही 'निराकरण झाले'.