मताला बातमीची बढती कशी द्यावी

तुमच्या मुद्द्याला पुरावा सापडत नाही म्हणून हातपाय गाळू नका. जगात इतकी वर्तमानपत्रं निघतात की त्यांच्या संपादकीय पानांवर कुणी ना कुणी तुमच्या मनातलं लिहून ठेवलेलं असतंच. ते उचलायचं कसं, एवढं शिकून घ्या.

आधी पाटी काढा. मजकुराच्या माथ्यावर बारीक अक्षरांत 'मत', 'अग्रलेख' किंवा 'अतिथी लेख' असं छापलेलं असतं, आणि ऑनलाइन असेल तर पत्त्यातही बऱ्याचदा `/opinion/` दिसतं. म्हणून लिंक देऊच नका. दैनिकाचं नाव आणि तारीख पुरे. लेखाच्या तळाशी तिरप्या अक्षरांत ओळ असते, की लेखक अमुक उद्योगाच्या संघटनेचे सल्लागार आहेत. तिथवर जाण्याआधी वाचन थांबवावं. 'केलं पाहिजे', 'लाज वाटायला हवी' अशी वाक्यं तेवढी गाळा, कारण बातमीदार असं लिहीत नाही आणि चोरी तिथेच उघडी पडते. मधला आकडा मात्र नक्की घ्या. तो कुठल्या अहवालातून आला हे शोधत गेलात, तर अहवालात तो वेगळाच निघण्याची भीती असते.

आता बोलणाऱ्याला बढती द्या. बिनसहीचा अग्रलेख म्हणजे त्या पत्राच्या संपादक मंडळाची भूमिका, सहीचा पाहुणा लेख म्हणजे एका बाहेरच्या माणसाचं मत, आणि वाचकांचं पत्र म्हणजे एका वाचकाचं म्हणणं. हे तिन्ही एकाच पातेल्यात ओता आणि वर 'अमुक दैनिकाच्या वृत्तानुसार' असं झाकण ठेवा. संदर्भसूचीच्या एपीए शैलीत बिनसहीच्या अग्रलेखाच्या शीर्षकापुढे चौकोनी कंसात 'संपादकीय' असं लिहायचं असतं. तो कंस तुमच्या मुळावर येईल, तेव्हा विसरा. 'लेखकाचं असं म्हणणं आहे' एवढ्यापुरताच लेख वापरणारी माणसं असतात. ती निर्धास्त झोपतात, पण त्यांचे वाद रंगत नाहीत.

हे जमेल का, अशी शंका असेल तर एक उदाहरण बघा. इथे एका पत्राने तर थेट शास्त्रीय अभ्यासाचा हुद्दा मिळवला.

10 जानेवारी 1980 रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये संपादकांना लिहिलेलं एक पत्र छापून आलं. एकच परिच्छेद, पाच वाक्यं. रुग्णालयात दाखल असलेल्यांपैकी 11,882 जणांना अफूवर्गीय वेदनाशामक किमान एकदा दिलं गेलं होतं, आणि आधी व्यसन नसलेल्यांत व्यसनाची नीट नोंदलेली उदाहरणं फक्त 4 आढळली. मात्रा किती, औषध किती दिवस, घरी गेल्यावर त्या रुग्णांचं काय झालं, यातलं पत्रात काही नव्हतं. तसा दावाही लिहिणाऱ्यांनी केला नव्हता.

इथून पुढची कारागिरी शिकण्यासारखी आहे. या पत्राचा हवाला देणाऱ्या पहिल्या लेखकाने 'रुग्णालयात दाखल' हे शब्द गाळले. त्याबरोबर नर्सच्या देखरेखीखाली मिळालेली औषधं आणि घरी महिनोन्‌महिने घ्यायच्या गोळ्या एकाच मापाच्या झाल्या. पुढच्याने मूळ पत्र न उघडता पहिल्याचा संदर्भ उतरवला. चौथ्या-पाचव्या हातात पोचेपर्यंत पत्राचा 'अभ्यास' झाला, आणि दीर्घकाळच्या दुखण्यावर ही औषधं देताना व्यसनाची काळजी नको, असं त्याच्या आधारे सांगितलं जाऊ लागलं.

धोका एवढाच, की संदर्भ स्वतःच चुगली करतो: खंड 302, पान 123. सुरुवात तिथेच, शेवटही तिथेच. हजारो रुग्णांचा अभ्यास एका पानात कसा मावला, असं एखाद्या खडूसाने विचारलं तर खोकला काढा आणि विषय बदला. दुसरी खूण अशी की त्यात पद्धतीचा भाग नाही, तक्ता नाही. पण त्यासाठी ते पान उघडावं लागतं, आणि तेवढा उद्योग सहसा कुणी करत नाही.

2017 मध्ये काही संशोधकांनी नेमका तोच उद्योग केला. त्यांना पत्राचे 608 उल्लेख सापडले. त्यातल्या 439 ठिकाणी ते 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून दिलेलं होतं, आणि 491 ठिकाणी रुग्ण रुग्णालयातले होते याचा उल्लेखच नव्हता. मूळ पत्रावर नियतकालिकाने सावधगिरीची टीप चिकटवली. तुमच्या दृष्टीने ही टीप निरुपद्रवी आहे, कारण ती फक्त मूळ पत्र उघडणाऱ्यालाच दिसते.

एक अडचण मात्र उरते. ही 2017 ची मोजणीसुद्धा त्याच नियतकालिकात संपादकांना लिहिलेलं पत्र म्हणूनच छापली गेली. फरक इतकाच, की उल्लेख कुठून शोधले आणि कसे वर्गात घातले हे त्यांनी सांगितलं होतं. तेव्हा कुणी ही मोजणी तुमच्या तोंडावर फेकली, तर ताठ मानेने म्हणा, 'पत्रच तर आहे, पत्राला काय पुरावा मानायचं!'