हिरवा नकाशा आणि बेस्ट-फिट

“पार्टचा 3D स्कॅन कॅड मॉडेलवर बसवला, फरकाचा रंगीत नकाशा सगळा हिरवा आला, म्हणजे पार्ट ओके.”

नाही. आधी अलाइनमेंट कोणती घेतली, म्हणजे स्कॅन कॅडवर कशाच्या आधारे बसवला, ते बघा. बेस्ट-फिट स्कॅन असा बसवतो, की सगळीकडचा फरक मिळून कमीत कमी राहील; म्हणजे तो चूक वाटून टाकतो. समजा, 100 मिमीचा ठोकळा 100.4 मिमी झालाय. बेस्ट-फिट त्याला मधोमध बसवतो, म्हणून दोन्ही टोकांना +0.2 दिसतं. हिरवा पट्टा ±0.25 चा ठेवला असेल, तर सगळं हिरवंगार! (पट्टा किती ठेवायचा, हे आपल्याच हातात असतं.) तोच स्कॅन ड्रॉइंगमधल्या डेटम पृष्ठावर, म्हणजे मापं जिथून मोजायची त्या पृष्ठावर, टेकवून बसवा. टेकवलेलं टोक शून्यावर येतं आणि समोरचं टोक +0.4 ने लाल होतं. लांबीचा टॉलरन्स ±0.25 असेल, तर पार्ट रिजेक्ट. स्कॅन तोच, पार्टही तोच. बदलली ती फक्त टेकण्याची जागा.