ओटीपी मॅडमकडे येतो म्हणून खर्चावर कंट्रोल? एका कमेंटला उत्तर

कंपनीच्या खर्चावर लक्ष ठेवायचं तर दर व्हेंडरला वेगळं व्हर्च्युअल कार्ड काढा, म्हणजे प्लास्टिक नसलेलं, नुसत्या नंबरचं आणि स्वतःची लिमिट असलेलं कार्ड, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावर वाचकाची कमेंट: "लेख वाचला, पैसे घेऊन केलेली जाहिरात वाटली. आमच्याकडे एकच कार्ड आहे, ते अकाउंट्सच्या मॅडमकडे असतं आणि ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो, यापेक्षा मोठा कंट्रोल कुठला? दर व्हेंडरला वेगळं व्हर्च्युअल कार्ड म्हणजे नुसता पसारा. शिवाय कार्ड बंद केलं म्हणून व्हेंडरचं बिल थांबत नाही, ते तुम्ही लिहिलंच नाही. कधी कंपनीचे हिशेब पाहिलेत का?"

साहेब, नमस्कार. पहिल्याच ओळीत जाहिरात म्हणालात तिथेच माझा चहा गार झाला. अख्ख्या लेखात एकाही कार्ड कंपनीचं नाव नाही, एक लिंक नाही, मग जाहिरात नक्की कोणाची केली मी, प्लास्टिक नसलेल्या प्लास्टिकची? पटलं नाही तर पटलं नाही म्हणा, पण माणसाची नियत काढायची आणि मग प्रश्न विचारायचा, ही कुठली पद्धत.

आणि हिशेब पाहिलेत का म्हणे. नऊ वर्षं भोसरीच्या एका वर्कशॉपच्या अकाउंट्समध्ये व्हाउचरं चिकटवली आहेत मी, त्यानंतर बाणेरला साठ माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत हेच काम केलं. पेट्रोलच्या पावतीवरचा आकडा बॉलपेनने वाढवलेला लांबून ओळखतो. असो.

एक गोष्ट मान्य. कार्ड बंद केलं तर पैसे जायचे थांबतात, करार थांबत नाही. वर्षभराचा प्लॅन घेतला असेल तर व्हेंडर बिल पाठवत राहणार आणि ते देणं लागतंच, त्यामुळे आधी सबस्क्रिप्शन रद्द करायचं, कन्फर्मेशनचा मेल जपून ठेवायचा, मग कार्ड बंद करायचं. हे लिहायला हवं होतं, राहिलं. लेखात टाकतो.

पण ते ओटीपीचं वाक्य. त्याच्यावर बोलल्याशिवाय मला झोप नाही लागणार.

ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा नियम लागू आहे. कार्डावर दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी पहिल्यांदा मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, नोंदवताना ओटीपी लागतो, आणि त्यानंतर ठरावीक रकमेपर्यंत लागतच नाही. ती मर्यादा आधी 5,000 होती, जून 2022 मध्ये 15,000 झाली. म्हणजे ज्या छोट्या छोट्या सबस्क्रिप्शन्समधून कंपनीचे पैसे गळतात, नेमक्या त्याच मॅडमच्या ओटीपीला वळसा घालून जातात! पैसे कापायच्या किमान 24 तास आधी सूचना येते, हो, येते. ती बँकेच्या लोनच्या मेसेजांमध्ये आणि कुरिअरच्या मेसेजांमध्ये येते, आणि मॅडमना त्या दिवशी जीएसटी रिटर्न भरायचं असतं.

आता आमच्या बाणेरच्या कंपनीतलं सांगतो, तेव्हा तिथे अगदी तुमच्यासारखंच होतं, एक कार्ड आणि एक मॅडम. डिझाइनचं एक सॉफ्टवेअर होतं, महिन्याला माणशी 15 डॉलर, नऊ जण वापरायचे. 135 डॉलर, सोयीसाठी डॉलर 85 रुपये धरा, 11,475 झाले, त्यावर परकीय चलनातल्या खर्चासाठी बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप, मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, सगळं मिळून साधारण 11,950. मग डिझाइन टीमने प्रोजेक्टसाठी बाहेरची दोन मुलं घेतली आणि कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन दोन सीट्स, म्हणजे आणखी दोन माणसांच्या जागा, वाढवल्या. बिल झालं 165 डॉलर, म्हणजे साधारण 14,600. पंधराच्या आतच! मँडेटची कमाल मर्यादा 15,000 नोंदवलेली, त्यामुळे ओटीपी नाही, फोन नाही, काही नाही. मुलं दोन महिन्यांत गेली, सीट्स राहिल्या. अकरा महिन्यांनी मी स्टेटमेंट लावत बसलो तेव्हा कळलं, महिन्याला साडेसव्वीसशे उगाच जात होते. चोरी कोणीच केली नव्हती, विचारणारं कोणी नव्हतं एवढंच.

त्यानंतर आम्ही त्या सॉफ्टवेअरसाठी वेगळं व्हर्च्युअल कार्ड काढलं, त्याच व्हेंडरला लॉक केलेलं, महिन्याची लिमिट 12,500, आणि डिझाइनच्या लीडच्या नावावर. पुढच्या वर्षी पुन्हा कोणीतरी सीट्स वाढवल्या, पेमेंट डिक्लाइन झालं, लीडला मेल आला, तो माझ्याकडे आला, मी विचारलं कोणासाठी, आणि दोन मिनिटांत निकाल लागला. ओटीपी फार तर सांगतो की अमक्या व्हेंडरला इतके पैसे चाललेत, पण ते कोणी मागितले आणि मुळात किती जायला हवे होते हे त्यात कुठे असतं? मोठ्या रकमेला ओटीपी आला तरी काय होतं सांगू, कोणीतरी खालून ओरडतं "मॅडम, एक ओटीपी आला असेल बघा", आणि मॅडम सहा आकडे वाचून दाखवतात. याला कंट्रोल म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

लिमिट मात्र डोकं लावून ठेवावी लागते, ते आम्हीही ठेच लागून शिकलो. एका सर्व्हरच्या बिलाला बिलाएवढीच लिमिट लावली होती, रुपया थोडा घसरला आणि पेमेंट अडकलं, व्हेंडरचे आठवणीचे मेल भलत्याच्याच इनबॉक्समध्ये. म्हणून डॉलरच्या बिलाला थोडी फट ठेवायची, चार-पाच टक्के, पण एक सीट वाढली तर त्यात बसणार नाही इतकीच (वरचं गणित करून बघा, एक सीट साधारण 1,330 ची आणि फट साडेपाचशेची). आणि डिक्लाइन झालं की कारण वाचायचं, "लिमिट ओलांडली" आणि "व्हेंडर जुळत नाही" या दोन वेगळ्या भानगडी आहेत. दुसरी कित्येकदा व्हेंडरने बिलिंगचं नाव बदललं म्हणून होते, तिथे घाबरायचं काही नसतं.

पसारा म्हणालात. स्टेटमेंटवर वीस कार्डांच्या वीस ओळी आणि प्रत्येक ओळ कोणाची ते माहीत, की एका कार्डावर वीस ओळी आणि प्रत्येकीसाठी ऑफिसभर फिरून "हे कोणाचं?" विचारणं, पसारा कुठला ते तुम्हीच ठरवा. आमचं ते एकुलतं एक कार्ड एकदा फ्रॉडच्या संशयावरून बँकेने ब्लॉक केलं होतं, त्या आठवड्यात सर्व्हरपासून जाहिरातींपर्यंत सगळीकडे नवा नंबर टाकत बसलो होतो, अकाउंट्सच्या मॅडम रडायच्या बाकी होत्या.

फिरतीवरच्या सेल्सवाल्यांच्या कार्डांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तिथे खरंच मर्यादा आहे आणि ती तुमच्या नजरेतून सुटली याचं नवल वाटतं. व्यवसायाच्या कोडवरून खर्च अडवता येतो, पेट्रोल चालेल, बाकी नाही असं. पण हॉटेलच्या रूमच्या बिलात जेवण, लाँड्री, सगळं एकाच लॉजिंगच्या कोडखाली येतं, कार्डाला फरक कळत नाही. तिथे अजूनही बिल मागून डोळ्यांनीच वाचावं लागतं, आणि ते काम मी आजही करतो.

तुमच्या कार्डाचं या महिन्याचं स्टेटमेंट काढा, दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या पंधरा हजारांच्या आतल्या ओळींवर पेन्सिलने खूण करा, आणि मॅडमना विचारा यातल्या कितींचा ओटीपी या महिन्यात आला होता. आकडा इथेच कमेंटमध्ये टाका. जाहिरातीचं त्यानंतर बोलू.